घरात एकेकाला रात्री खाज सुटतेय: खरूज, इसब की ॲलर्जी?

पारोळ्याची सून | ८ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार. सगळे झोपलेत म्हणून आत्ता लिहितेय, आणि लिहिता लिहिता मनगट खाजवतेय. आमचं गाव पारोळा तालुक्यात. घरात सहा जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांचं बाळ. मुलगी शाळेच्या वसतिगृहात असते. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा आजीजवळ एकाच गोधडीत झोपायची. तेव्हाच ती बोटांच्या बेचक्यात खाजवत होती. मला वाटलं मच्छर असतील, नाहीतर हट्टाने कापूस वेचायला आली होती त्याचं काही लागलं असेल.

ती परत गेली. त्यानंतर महिन्याभराने आधी सासूबाईंना सुरू झालं, मग मला. दिवसा कामात असलं की आठवणही येत नाही. रात्री गोधडीत शिरलं, अंगाला ऊब आली की सुरू. सासूबाई रोज सकाळी एकच सांगतात, "रातले खाज सुटस, झोप येत नही."

मेडिकलवरून एक ट्यूब आणली, सगळ्या खाजेवर चालते म्हणाला. चार दिवस बरं वाटलं, दहाव्या दिवशी दुप्पट झालं. मग दवाखान्यात गेलो तर थंडीची ॲलर्जी सांगून गोळ्या दिल्या. गोळीने गुंगी येते, खाज तशीच राहते. आणि आता तीन दिवसांपासून बाळाच्या तळपायांवर बारीक पाण्याच्या पुळ्या आल्यात. बाळ रात्रभर पाय एकमेकांवर घासतं. ते बघवत नाही.

माझा गोंधळ असा आहे की संसर्ग असेल तर यांना आणि सासऱ्यांना काहीच कसं नाही? आणि इसब किंवा ॲलर्जी असेल तर ती घरात एकापाठोपाठ एक कशी होईल?

करंजतेल | ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

ताई, ही खरूजच आहे, वेगळं काही शोधू नका. आमच्या चोपड्याकडे जुनी माणसं गंधक बारीक करून खोबरेल तेलात कालवून लावायची आणि खरूज जायची. सोबत कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ करायची. रक्त खराब झाल्यामुळे हे होतं, म्हणून वांगी आणि मसूर महिनाभर बंद ठेवा. ज्याला खाज आहे त्यालाच लावा. बाकीच्यांना उगाच लावायचं कारण नाही.

रावेर केळीबाग | ९ डिसेंबर, सकाळी ९:०२

एकदम खरूज म्हणू नका. माझ्या वडिलांना चार वर्षं अशीच भयंकर खाज होती. मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आतल्या घडीत. चामडी म्हशीसारखी जाड झाली होती. शेवटी ती गाजर गवताची ॲलर्जी निघाली. बांधावर सगळीकडे तेच वाढलेलं असतं. तुम्ही पण शेतात जाता ना? आधी गाजर गवत उपटून टाका, तेही हातमोजे घालून.

त्वचेचा डॉक्टर | ९ डिसेंबर, दुपारी २:३०

मी धुळ्यात त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. न बघता निदान करणार नाही, पण काही प्रश्न विचारतो. उत्तरं आली की पुष्कळसं उलगडेल.

खाज नेमकी कुठे आहे? "सगळीकडे" असं सांगू नका, जागा सांगा. बोटांची बेचकी, मनगटाची आतली बाजू, काख, बेंबीभोवती, परकराची नाडी बसते तिथे, मांड्या, नितंब, छातीवर स्तनाग्राभोवती. चेहऱ्यावर काही आहे का?

दुसरं, आलेला फोड किंवा चट्टा एका जागी टिकतो की जागा बदलतो? एका चट्ट्याभोवती पेनाने गोल काढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. अंगावर पित्त उठतं तेव्हा ती गांधी काही तासांत विरते, एका दिवसाच्या आत रिंगण रिकामं होतं.

तिसरं, मनगटाच्या घडीजवळ आणि बोटांच्या कडांना उजेड तिरका धरून बघा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलंत तरी चालेल. पेन्सिलीची बारीक रेघ मारावी तशी पाव-अर्धा सेंटीमीटरची वाकडीतिकडी रेघ दिसते का?

रावेरच्या दादांचा अनुभव खरा आहे. आपल्या भागात गाजर गवताचे रुग्ण मी दर हंगामात बघतो. पण ती ॲलर्जी उघड्या अंगाला धरते: चेहरा, पापण्या, गळ्याचा पुढचा भाग, हात. उन्हात आणि शेतात गेल्यावर ती वाढते. पाच महिन्यांच्या बाळाच्या तळपायावर ती येत नाही.

पारोळ्याची सून | ९ डिसेंबर, रात्री १०:५५

डॉक्टर, आजच दोघींचं बघितलं.

मला बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती आणि साडीची गाठ बसते तिथे कमरेवर आहे. छातीवर पण आहे. चेहऱ्यावर काही नाही. सासूबाईंना काखेत, कमरेवर आणि दोन्ही तळहातांवर. त्यांच्या तळहातांना मात्र गेली कित्येक वर्षं दर थंडीत भेगा पडतात, चुलीचं आणि भांड्यांचं काम आहे.

काल रात्री पेनाने दोन रिंगणं काढली होती. आज पुळ्या तिथेच आहेत.

आणि रेघ दिसली. डाव्या मनगटावर, हाताची घडी पडते तिच्या थोडं वर. राखाडी, तांदळाच्या कणीएवढी लांब, मध्ये किंचित वळलेली. एका टोकाला कातडी सुटलीय आणि दुसऱ्या टोकाला सुईच्या अग्राएवढा काळपट ठिपका. मी इतके दिवस तो ओरखडा समजत होते. बाकीच्या ओरखड्यांवर खपली आहे, हिच्यावर नाही.

त्वचेचा डॉक्टर | १० डिसेंबर, सकाळी ८:२०

ताई, तुम्ही वर्णन केलंत ते खरजेच्या किड्याचं भुयार आहे. मादी कातडीच्या अगदी वरच्या थरात पोखरत पुढे जाते आणि मागे अंडी टाकत जाते, रोज दोन-तीन. तो ठिपका आहे तिथे बहुधा ती स्वतः आहे. तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असते. हा ठिपका दवाखान्यात भिंगातून बघितला की खात्री होईल. बाळाला तर प्रत्यक्ष दाखवलंच पाहिजे, म्हणून दोन दिवसांत जा आणि हे सगळं असंच सांगा.

नुसत्या रात्रीच्या खाजेवरून मी खरूज म्हणणार नाही, कारण इसबाचा रुग्णही रात्री खाजवतो. मला जास्त वजनदार वाटतो तो क्रम. आधी मुलगी, मग तिच्या गोधडीत झोपणारी आजी आणि तुम्ही, मग तुमच्या कुशीतलं बाळ. इसब घराण्यात असतो, पण तो असा बिछान्याच्या वाटेने पुढे सरकत नाही. दुसरी गोष्ट जागांची. मोठ्या मुलांचा आणि मोठ्यांचा इसब बहुधा कोपराच्या नि गुडघ्याच्या घडीत बसतो, बेंबीभोवती आणि बेचक्यात एकदम येत नाही. लहान बाळाला खरूज तळहात-तळपायांवर येते, कधी डोक्यावरही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, यांना का नाही? खाज किड्याच्या चावण्याने येत नाही. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध शरीर जे पेटून उठतं त्याची ती खाज असते. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा शरीराला ते ओळखायला चार ते सहा आठवडे लागतात. दिवाळीत अंगावर आलेला किडा डिसेंबरात खाजायला लागतो तो यामुळे. या मधल्या महिन्यात माणसाला काही वाटत नाही, पण तो दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून तुमचे यजमान आणि सासरे मोकळे आहेत असं मी धरणार नाही.

करंजतेल यांना सांगतो, गंधकाचं तुमचं म्हणणं चुकीचं नाही. ५ ते १० टक्के गंधकाचं मलम आम्ही अजूनही देतो, विशेषतः दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना. पण घरी कालवताना प्रमाण कळत नाही आणि कातडी भाजते. वांगी-मसुराचा संबंध नाही. आणि "ज्याला खाज त्यालाच लावा" हे ऐकलं तर ताईंच्या घरात ही खरूज पुढच्या दिवाळीपर्यंत फिरत राहील.

गोळ्या-औषधं | १० डिसेंबर, सकाळी ११:४५

मी अमळनेरला मेडिकल चालवतो. ताईंनी सांगितलेली ट्यूब कोणत्या जातीची असेल ते वासावरून सांगता येईल इतकी ती खपते. त्यात तीन औषधं एकत्र असतात: जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन परत येतं. किडा मात्र मरत नाही. मी स्वतः ती चिठ्ठीशिवाय देणं बंद केलंय, कारण त्यानंतर गजकर्णाचेही असे चट्टे बघितलेत की ओळखू येत नाहीत.

एक सांगतो, परमेथ्रिन ५ टक्के असलेलं मागा. १ टक्क्याचं येतं ते डोक्यातल्या उवांसाठी, लोक चुकून तेच नेतात. पण मला विचाराल तर परमेथ्रिनला आता किडा दाद देत नाही. दोन-दोन वेळा लावून लोक परत येतात. सरळ आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या घ्याव्यात.

त्वचेचा डॉक्टर | १० डिसेंबर, दुपारी ३:१०

ट्यूबबद्दल शंभर टक्के सहमत. स्टेरॉइडने पुरळाचं रूपच बदलतं आणि आम्हालाही फसायला होतं. ताईंच्या आधीच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हटलं यात त्या ट्यूबचाही हात असू शकतो.

परमेथ्रिनबद्दल मात्र मी इतकं ठाम बोलणार नाही. ते पूर्वीइतकं चालत नाही असे अहवाल अनेक देशांतून येताहेत आणि माझ्याकडेही काही रुग्ण खरंच बरे होत नाहीत. पण परत आलेल्या माणसाला मी विचारतो "किती लावलं?", तर तो सांगतो की खाज होती तिथे बोटाने लावलं. एका मोठ्या माणसाला मानेपासून तळपायापर्यंत साधारण ३० ग्रॅम लागतं. ३० ग्रॅमची एक ट्यूब चार जणांत पुरवली तर औषधाला दोष देता येत नाही. किड्याची सवय किती आणि आपली चूक किती, याचा निवाडा आज माझ्याकडे नाही.

आयव्हरमेक्टिन चांगलं आहे, जेवणानंतर घ्यायचं, वजनावर ठरतं, आणि दुसरा डोस लागतोच, कारण ते अंड्यांवर चालत नाही. पण १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला ते देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईलाही आपल्या मनाने नको. ताईंच्या घरात मलमच मुख्य राहील.

कपाशी शिरपूर | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

हे परमेथ्रिन म्हणजे आपण कपाशीवर फवारतो त्या सायपरमेथ्रिनचाच भाऊ ना? सहा जणांना बारा ट्यूबा घ्यायच्या म्हणजे केवढा खर्च. आमच्या शेजारच्याने बादलीभर पाण्यात झाकणभर फवारणीचं टाकून अंग धुतलं. खाज थांबली म्हणतो.

त्वचेचा डॉक्टर | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:५२

कृपा करून हे कोणी करू नका. घराणं एकच असलं तरी शेतीच्या बाटलीत औषध विरघळवायला जे द्रावण असतं ते कातडीतून आत जातं, आणि खाजवून सोललेल्या कातडीतून तर फारच पटकन. अंगाची आग, मुंग्या, उलट्या, लहान मुलांत झटकेही येतात. शेजाऱ्याला काही झालं नाही हे त्याचं नशीब. त्याला आता चक्कर किंवा थरथर असेल तर आजच सरकारी दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत ठेवा. खर्चाचंच म्हणाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात खरजेचं औषध पुष्कळदा मोफत मिळतं. आधी तिथे विचारा.

कपाशी शिरपूर | १० डिसेंबर, रात्री ९:१८

जाऊन आलो. तो ठीक आहे, पण त्याच्या पाठीवर लाल चट्टे उठलेत आणि आग होतेय. उद्या सकाळी त्याला घेऊन जातो. मी इथे लिहिलं नसतं तर आमच्या घरीही केलं असतं.

पारोळ्याची सून | १२ डिसेंबर, रात्री ९:३०

आज जळगावला दाखवून आलो. भिंगातून बघितलं, खरूजच आहे. बाळाची पण. बाळाला आणि आम्हाला परमेथ्रिन ५ टक्के दिलंय. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं तर हे म्हणतात, "मला काही होत नाही, मी कशाला चोपडू?" सासरेही तेच म्हणतात. आता काय करू?

आणि लावायचं नेमकं कसं ते पण सांगा, तिथे गर्दीत नीट विचारता आलं नाही. बाळ हात तोंडात घालतं.

त्वचेचा डॉक्टर | १२ डिसेंबर, रात्री १०:१०

एकच रात्र ठरवा, ज्या रात्री सहाही जण लावतील. मुलगी वसतिगृहात असेल तर तिलाही त्याच रात्री, नाहीतर शनिवारी तिला घरी आणून मगच सुरू करा. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल, पण वेगवेगळ्या दिवशी लावलं तर एकाकडून दुसऱ्याकडे परत येतं.

संध्याकाळी साध्या पाण्याने आंघोळ करा, अंग कोरडं होऊन गार होऊ द्या. कढत पाण्याची आंघोळ करून लगेच लावू नका. नखं कापा. मग जबड्याच्या खालपासून तळपायापर्यंत, एकही जागा न सोडता: कानामागे, बेंबीत, काखेत, जांघेत, नितंबांच्या फटीत, बोटांच्या मध्ये आणि नखांच्या खाली. पाठीला दुसऱ्याने लावायचं. ज्याला खाज नाही त्यालाही एवढंच. आठ ते बारा तास ठेवायचं. रात्री उठून हात धुतले तर हातांना परत लावायचं. बायका इथेच चुकतात, कारण पहाटे चूल-पाणी करायला हात धुतात आणि बेचक्यातलं औषध निघून जातं. त्या सकाळी भाकरी दुसऱ्या कोणीतरी करू द्या किंवा थोडी उशिरा करा.

बाळाला डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावायचं, डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडून. हातात पातळ मोजे घाला म्हणजे चोखणार नाही. सासू-सासऱ्यांच्याही टाळूला, कपाळाला लावा. तुम्ही बाळाला पाजण्याआधी छाती पुसून धुवा, पाजून झालं की परत लावा.

सकाळी आंघोळ करून धुतलेले कपडे घाला. गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. गोधड्या धुवायला जड असतात, त्या प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांतच मरतो. थंडीचे दिवस आहेत म्हणून मी आठवडा म्हणतो. घरात फवारणी नको, गुराढोरांनाही काही करायला नको. हेच सगळं आठवड्याने पुन्हा एकदा.

यजमानांना एकांतात विचारा. पुरुषांना जांघेत, लिंगावर, वृषणाच्या कातडीवर खाजऱ्या पुळ्या किंवा मुगाएवढ्या गाठी येतात, आणि लाजेने ते सांगत नाहीत. असं असेल तर ते खरजेचं फार पक्कं लक्षण आहे.

सातपुडा गुरुजी | १३ डिसेंबर, सकाळी ६:४०

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत शिकवतो. ताई, मुलीच्या वसतिगृहात कळवलंत का? तिला औषध लावून परत त्याच खाटेवर पाठवलंत तर महिन्याभरात पुन्हा तेच.

आमच्याकडे मागे अशी खरूज पसरली. आम्ही ज्या मुलांना खाज होती त्यांना वेगळं बसवलं. ती मोठी चूक होती, कारण बाकीच्यांनी मग लपवायला सुरुवात केली. एका मुलाने खाजवून जखमा केल्या, त्यात पू झाला. दोन-तीन आठवड्यांनी एके सकाळी त्याचे डोळे आणि तोंड सुजलेलं दिसलं. लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी बघताच जिल्हा रुग्णालयात पाठवलं. पिकलेल्या खरजेतल्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज आली होती. तो बरा झाला, पण त्या दिवसापासून मी खाजेला साधी म्हणत नाही. पुढच्या वेळी आम्ही सगळ्या मुलांना, स्वयंपाकीण ताईंना आणि आम्हा रात्री राहणाऱ्या शिक्षकांनाही एकाच संध्याकाळी औषध लावलं. कोणाला झालं हे मग कोणी विचारलंच नाही.

पारोळ्याची सून | १३ डिसेंबर, रात्री ११:०५

डॉक्टर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. यांना तीन आठवड्यांपासून जांघेत गाठी आहेत. दुसराच काही रोग असेल या भीतीने बोलले नाहीत, आणि गुपचूप तीच मेडिकलवाली ट्यूब लावत होते. मी रागावले नाही. फार वेळ दोघं गप्प बसलो होतो.

गुरुजी, वसतिगृहात फोन केला. तिकडून पहिलं उत्तर आलं की आमच्याकडे स्वच्छता आहे, असलं काही नाही. मी परत फोन करणार आहे. मुलगी उद्या येतेय, उद्याच रात्री सगळे लावतो.

रावेर केळीबाग | १४ डिसेंबर, सकाळी ८:००

ताई, मी गाजर गवत सांगितलं ते माझ्या घरच्या अनुभवावरून, चुकलं माझं. पण एक शंका आहे. सासूबाईंच्या तळहातांना दरवर्षी भेगा पडतात म्हणालात. तो वेगळा आजार तर नाही ना?

पारोळ्याची सून | २९ डिसेंबर, रात्री १०:२०

उशीर झाला कळवायला. १४ तारखेला रात्री आणि २१ ला रात्री, दोन्ही वेळा सातही दिशांनी भांडून का होईना, पण सगळ्यांना लावलं. पहिल्या रात्री बाळाला मोजे घातले तर रडून रडून झोपलं, मी त्याचा हात धरून बसले. सासऱ्यांनी डोक्याला लावायला नकार दिला, दुसऱ्या वेळी लावू दिलं. पहिल्या पहाटे मी सवयीने हात धुतले आणि मग आठवलं, परत लावलं.

बाळाच्या पायावरच्या पुळ्या सुकल्यात. माझ्या मनगटावरची रेघ गेली. पण खाज आहेच, कमी झालीय पण आहे. सासूबाई म्हणतात औषध लागू पडलं नाही, अजून एकदा लावू. यांच्या गाठी तशाच आहेत.

गोळ्या-औषधं | २९ डिसेंबर, रात्री १०:४५

मी म्हटलं होतं ना, गोळ्यांशिवाय जात नाही.

त्वचेचा डॉक्टर | ३० डिसेंबर, सकाळी ९:००

थांबा, तिसऱ्यांदा लावू नका. किडा मेला तरी त्याचा मळ कातडीतच असतो, आणि कातडीचा तो थर झडेपर्यंत खाज राहते. दोन ते चार आठवडे हे चालतं. वारंवार परमेथ्रिन लावलं तर कातडी कोरडी होऊन त्या औषधाचीच खाज सुरू होते आणि माणूस त्यालाच खरूज समजून आणखी लावतो. आता खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा, रात्री खाजेची गोळी हवी तर डॉक्टरांना विचारून घ्या, कारण बाळ अंगावर पितंय.

फसलंय की नाही हे असं ओळखा: खाज आठवड्यागणिक उतरतेय का चढतेय? नव्या जागी पुळ्या किंवा नवी रेघ येतेय का? दुसऱ्या वेळेनंतर चार आठवड्यांनीही नवं काही येत असेल तर परत दाखवा, मग गोळ्यांचा विचार करू. यजमानांच्या गाठी कधी कधी काही महिने राहतात, त्यात जिवंत किडा असतोच असं नाही. पण ती ट्यूब बंद, जांघेत तर अजिबात नको.

रावेरच्या दादांची शंका रास्त आहे. सासूबाईंना दोन्ही असू शकतं, खरूज आणि शिवाय जुना हाताचा इसब. खरूज गेल्यावर तळहात तसेच राहिले तर ते वेगळं तपासावं लागेल.

पारोळ्याची सून | १९ जानेवारी, दुपारी ४:१५

आज खळ्यात बसून लिहितेय. गोधड्या पोत्यातून काढून उन्हात टाकल्यात. मला आता रात्री जाग येत नाही. बाळ झोपतं. यांच्या दोन गाठी बसल्या, एक आहे. सासऱ्यांना शेवटपर्यंत काही झालं नाही.

सासूबाईंची काख आणि कंबर साफ झाली, तळहात मात्र तसेच चिरलेले आहेत. भांड्यांची पावडर लागली की आग होते. काखेतली खाज गेली आणि हातांची राहिली म्हणजे रावेरचे दादा बरोबर होते असं वाटतं. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन जाणार आहे. पॅच टेस्ट का काय ती करायला सांगतील का?

वसतिगृहाचं अजून अडकलंय. तिसऱ्या फोननंतर बाईंनी मान्य केलं की मुलीच्या खोलीतल्या आणखी पाच मुली खाजवतात. आरोग्य केंद्रातून माणूस येणार आहे म्हणाल्या, तारीख सांगितली नाही. तोपर्यंत मुलगी घरीच आहे, अभ्यास बुडतोय. गुरुजी, तुम्ही तिकडे सगळ्यांना एका संध्याकाळी कसं जमवलंत, औषध कोणाकडून मागितलंत, ते जरा लिहाल का? बाईंना दाखवायचंय.

सातपुडा गुरुजी | १९ जानेवारी, रात्री ८:५०

लिहितो ताई. आधी मुलांची वजनं घेतली आणि यादी केली, ती घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज दिला. यादीत रात्री राहणारी प्रत्येक व्यक्ती होती, खाज असो वा नसो. शनिवारची संध्याकाळ धरली, कारण रविवारी शाळा नसते आणि सकाळी कपडे-चादरी धुवायला वेळ मिळतो. मुलींना ताईंनी पडद्याआड लावलं, मुलांना आम्ही. पालकांना निरोप पाठवला की सुट्टीला मुलं घरी येण्याआधी घरी कोणाला खाज असेल तर कळवा. अर्जाचा मजकूर माझ्याकडे आहे, उद्या शाळेतून आणून इथे टाकतो.